बेरजा, ठिपके आणि उतारे: चाचण्यांचे गट कसे पडतात?

स्मरणशक्ती, वेग, भाषा. मेंदूच्या क्षमता मोजणाऱ्या अहवालांत असे कप्पे पाडलेले असतात आणि प्रत्येकासमोर वेगळा गुण असतो. हे कप्पे आले कुठून? एखाद्या तज्ज्ञाने टेबलाशी बसून ठरवले, की खुद्द गुणांमधूनच ते दिसले?

याचं उत्तर शोधायला शिकागोतल्या एका जुन्या अभ्यासाइतकं चांगलं उदाहरण क्वचितच सापडेल. कार्ल होल्झिंगर आणि फ्रान्सेस स्वाइनफर्ड यांनी तो १९३९ मध्ये प्रसिद्ध केला. पाश्चर आणि ग्रँट-व्हाइट या दोन शाळांतल्या सातवी-आठवीच्या ३०१ मुलांनी चाचण्यांची एक लांबलचक मालिका सोडवली होती. उतारा वाचून अर्थ सांगायचा, अपुरं वाक्य पुरं करायचं, शब्दाचा अर्थ ओळखायचा, भराभर बेरजा करायच्या, ठिपके मोजायचे, आधी दाखवलेले शब्द, आकडे आणि आकृत्या पुन्हा ओळखायच्या, अशा या चाचण्या. त्यांची गुणसारणी आजही जगभरच्या विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी वापरली जाते.

घटक विश्लेषणाची सुरुवात सहसंबंधापासून होते. एका चाचणीत पुढे असलेली मुलं दुसरीतही पुढे असतात का, हे सांगणारा हा आकडा. शून्य म्हणजे काही संबंध नाही, एक म्हणजे संपूर्ण जोडी. ग्रँट-व्हाइटच्या १४५ मुलांमध्ये उतारा आणि वाक्यपूर्ती यांचा सहसंबंध ०.७२ आला, उतारा आणि शब्दार्थ यांचा ०.७१, वाक्यपूर्ती आणि शब्दार्थ यांचा ०.६९. बेरीज आणि ठिपके यांचा ०.५९. पण उतारा आणि ठिपके? अवघा ०.१०. उतारा उत्तम समजणारं मूल ठिपके झरझर मोजेलच असं नाही. भाषा आणि वेग यांच्यातली फट इथे कुणी आखलेली नाही, ती आकड्यांतच आहे.

पुढची पायरी म्हणजे या तिन्ही भाषिक चाचण्यांमागे एकच समान क्षमता असेल, तर प्रत्येक चाचणी तिच्याशी किती घट्ट बांधलेली आहे हे काढणं. तीन चाचण्यांपुरतं हे गणित कागदावरही जमतं. उताऱ्याचे दोन सहसंबंध गुणायचे आणि उरलेल्या तिसऱ्याने भागायचं: ०.७२ × ०.७१ ÷ ०.६९. उत्तर सुमारे ०.७४. म्हणजे उताऱ्याच्या गुणांमध्ये मुलामुलांत जो फरक दिसतो, त्यातला जवळपास तीन चतुर्थांश भाग समान भाषिक क्षमतेचा. उरलेला भाग त्या चाचणीच्या स्वतःच्या वैशिष्ट्याचा आणि त्या दिवशीच्या योगायोगाचा. ०.७४ चं वर्गमूळ, ०.८६, हा त्या चाचणीचा भारांक. चाचण्या दोन डझन असल्या की हेच काम संगणक सगळ्या जोड्यांसाठी एकदम करतो.

स्मरणाचा गट मात्र सैल निघतो. ओळखण्याच्या आणि जोड्या लक्षात ठेवण्याच्या चाचण्यांचे आपसांतले सहसंबंध ०.५ च्या खालीच राहतात, भारांकही बहुतेक ०.५ च्या आसपास किंवा कमी. ०.५ चा वर्ग ०.२५, म्हणजे समान भाग फक्त एक चतुर्थांश. गट खरा आहे, पण त्यातल्या एकाच चाचणीवरून कुणाची स्मरणशक्ती ठरवणं धोक्याचं. तीन-चार चाचण्यांचे गुण एकत्र घेतले तरच आकड्यावर थोडा भरवसा ठेवता येतो.

काही चाचण्या कुठल्याच एका गटात गुपचूप बसत नाहीत. नुसत्या सरळ रेषांची इंग्रजी मोठी अक्षरं आणि वळणदार अक्षरं भराभर वेगळी करण्याची चाचणी घ्या. तिच्यावर वेळेचं बंधन, म्हणून ती वेगाच्या गटात धरली जाते. पण तिचा बेरजेशी सहसंबंध ०.४१ आणि आकृती पाहून ओळखण्याच्या चाचणीशी ०.४९. वेग लागतो तसा डोळाही लागतो! ‘वेग’ हे नाव संशोधक देतो; गणित फक्त कोण कोणाबरोबर चालतं एवढंच दाखवतं. तिला जबरदस्तीने एकाच गटात कोंबलं, तर प्रारूपाने सुचवलेले सहसंबंध आणि प्रत्यक्षातले सहसंबंध नेमके त्याच ठिकाणी जुळत नाहीत, आणि चूक तिथेच पकडता येते.

दुसऱ्या शाळेचा उपयोग इथेच होतो. पाश्चर शाळेतल्या अनेक मुलांचे पालक परदेशातून आलेले कामगार होते. ग्रँट-व्हाइट ही मध्यमवर्गीय उपनगरातली शाळा. दोन्हीकडे चाचण्या त्याच गटांत पडल्या, भारांकही बऱ्यापैकी सारखे आले. भाषिक चाचण्यांत ग्रँट-व्हाइटची सरासरी वर होती. बेरजेत मात्र पाश्चरची मुलं स्पष्ट पुढे, आणि ठिपके व अक्षरं यांत दोन्ही शाळा जवळजवळ बरोबरीत. पाश्चरची मुलं एकूणच वेगवान असती, तर आघाडी तिन्ही चाचण्यांत दिसली असती. ती एकट्या बेरजेत दिसते, म्हणजे हा फरक वेगाचा नसून बेरजेचा आहे, आणि तिन्हींची बेरीज करून शाळांची ‘वेगाची’ तुलना केली तर पाश्चरला उगाच झुकतं माप मिळतं.