तारा निघाव्यात, दात तेच राहावेत

दातांना लावलेल्या तारा साधारण दीड-दोन वर्षं राहतात. मधेच लग्न ठरतं, नाहीतर पदवीदान समारंभ येतो आणि फोटोत मनमोकळं हसलं की सगळ्यात आधी चमकतं ते धातू. मग स्टुडिओत विचारणा होते, "दादा, फोटोतल्या तारा काढून मिळतील का?" मिळतात. पण बऱ्याचदा तारांबरोबर त्या माणसाचे दातही जातात आणि जागी येते एक पांढरी पट्टी. घरच्यांना काहीतरी खटकतं, नेमकं काय ते सांगता येत नाही.

खटकतं ते असं, की दात कधीच एकरंगी पांढरा नसतो. हिरडीजवळ तो पिवळसर, उबदार असतो, कारण तिथं वरचा थर पातळ असून आतला पिवळा भाग झिरपून दिसतो. मध्यभागी तो सर्वांत उजळ असतो. खालच्या कडेला किंचित राखाडी-निळसर होतो, कारण तिथून उजेड आरपार जातो. पटाशीच्या दोन दातांपेक्षा सुळे जरा गडद असतात आणि ओठांच्या कोपऱ्याकडे जाल तसे दात सावलीत बुडत जातात. शिवाय प्रत्येक दात फुगीर असल्यामुळे त्याच्यावर प्रकाशाचा एक उभा पट्टा पडतो. तो पट्टा कुठे सुरू होतो, कुठे संपतो, यावरूनच डोळा दाताचा आकार ओळखतो. पांढरा ब्रश फिरवला की हे सगळं एका झटक्यात पुसलं जातं.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. साखरपुड्याचा फोटो, समोरून काढलेला, प्रकाश डावीकडून. पडद्यावर मोठा करून पाहिला तर पटाशीचा दात 85 पिक्सेल रुंद आणि 105 उंच भरतो. खऱ्या दाताची सरासरी रुंदी साडेआठ मिलिमीटर, उंची साडेदहा, म्हणजे इथं दहा पिक्सेलला एक मिलिमीटर. त्यावर चिकटवलेला धातूचा चौकोन जेमतेम 35 पिक्सेलचा. बाकीचा खरा दात त्याच्या चारही बाजूंनी दिसतोच आहे. कारागिराचं सगळं भांडवल हेच. नवा दात रंगवायचा नाही. त्याच दाताचा दिसणारा भाग झाकलेल्या भागावर पसरवायचा.

फोटोशॉपमध्ये मूळ फोटोला हात न लावता वर एक रिकामा थर घ्यायचा, Clone Stamp निवडायचा आणि Sample मध्ये Current & Below ठेवायचं. ब्रश लहान, दाताच्या पाव रुंदीएवढा, आणि कडा मध्यम मऊ. चौकोनाच्या वरच्या भागावरचा नमुना खाली आणायचा आणि खालच्या भागावरचा वर न्यायचा. दोन्ही मध्यावर भेटले की पिवळसर ते उजळ ते राखाडी हा उतार आपोआप जुळून येतो. डावा-उजवा नमुना मात्र एकमेकांच्या जागी वापरायचा नाही, नाहीतर प्रकाशाचा उभा पट्टा तुटतो.

Healing Brush हे अवजार सोपं वाटतं, म्हणून नवशिके आधी तेच उचलतात. ते आजूबाजूचा रंग ओढून मिसळतं. त्वचेवर हा गुण आहे, दातावर घात आहे. ब्रशचं टोक तारेला, ओठाला किंवा दोन दातांमधल्या काळसर रेषेला शिवलं, की राखाडी-गुलाबी डाग उमटतो. धातू पूर्ण झाकला गेल्यावर, दाताच्या अगदी मध्यात, उरलेला जोड विरघळवण्यापुरतंच ते वापरावं.

सर्वांत नाजूक जागा म्हणजे तार एका दातावरून दुसऱ्यावर जाते ती. तार खरंतर बारीक असते, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या फोटोत पाचेक पिक्सेल. पण ती दोन दातांमधली रेष छेदते. तार पुसताना ती रेषही पुसली गेली, की दोन दातांचा एक दात होतो. म्हणून रेषेचा वरचा आणि खालचा तुकडा आधी जोडून घ्यावा, मग दातांकडे वळावं. ही रेष सरळ नसते आणि काळीही नसते. तिचा रंग तांबूस-तपकिरी असतो आणि तो फोटोतूनच उचलावा. तारेनं दातावर टाकलेली बारीक सावली आणि ओठाच्या ओल्या कडेवरचं धातूचं प्रतिबिंब मागे राहून जातं, तेही शोधावं लागतं.

एखादा दात चौकोन आणि रबरामुळे फारच झाकला गेला असेल, तर पलीकडचा जोडीदार दात उलटा करून बसवण्याचा मोह होतो. उजेड एका बाजूचा असेल तर उलटवलेल्या दातावरची चमक चुकीच्या बाजूला येते. चेहरा किंचित जरी वळलेला असला, तरी पलीकडचे दात अरुंद दिसतात आणि उसना दात मावत नाही. त्याच व्यक्तीचा तारा लावण्याआधीचा हसरा फोटो मिळाला, तर आकार पाहायला फार उपयोगी पडतो. पण तेव्हाचे वाकडे दात तसेच आणायचे नसतात.

दातांमधली फट मिटवणं हे वेगळं काम आहे, आणि माझ्या मते तारांपेक्षा अवघड. समजा पटाशीच्या दातांत 20 पिक्सेलची फट आहे. दोन्ही दात दहा-दहा पिक्सेल रुंद केले, तर 85 चे 95 होतात, उंची तीच राहते आणि दात चौकोनी फरशीसारखे दिसू लागतात. दोन्ही नुसते आत सरकवले, तर फट शेजारी जाते. उपाय म्हणजे ती वाटून टाकायची. प्रत्येक दात निवडून स्वतंत्र थरावर घ्यायचा. पटाशीचा दात सहा पिक्सेल मध्याकडे सरकवायचा आणि चार रुंद करायचा. शेजारचा चार सरकवून दोन रुंद, सुळा दोन सरकवून दोन रुंद, आणि उरलेले दोन पिक्सेल त्यामागच्या सावलीतल्या दाढेत जिरवायचे. कोणताही दात पाच टक्क्यांहून फारसा वाढत नाही. Liquify मधून सगळं एकदम ओढलं तर ओठही ओढला जातो, त्यामुळे ते करायचंच असेल तर ओठ आधी Freeze Mask खाली गोठवावा.

दात भिडले तरी खालच्या टोकाला उलट्या व्हीसारखी छोटी खाच राहिली पाहिजे. ती बुजवली की जोड कृत्रिम दिसतो. हसताना हिरड्या दिसत असतील, तर फटीच्या जागी हिरडीचा रुंद, सपाट भाग असतो. तिथं शेजारच्या दोन दातांमधला टोकदार त्रिकोण आणून बसवावा लागतो.

मात्र फट मिटवण्याआधी विचारावं, आणि ज्याचा चेहरा आहे त्यालाच विचारावं, पैसे देणाऱ्या नातेवाइकाला नव्हे. तारा तात्पुरत्या असतात, फट चेहऱ्याची असते. अमेरिकन मॉडेल लॉरेन हटनला सुरुवातीला फट बुजवायला सांगत, पण पुढे तिच्या हसण्यातली फट तीच तिची ओळख ठरली. पासपोर्टच्या फोटोत तर असला कोणताही बदल करू नये.

काम झाल्यावर पडताळणी तीन ठिकाणी होते. फोटो आडवा उलटवून पाहिला की सवयीमुळे न दिसलेली चूक दिसते. डोळ्यांच्या पांढऱ्या भागापेक्षा दात उजळ असतील, तर हात जास्त चालला आहे. आणि कमी उजेडातल्या फोटोत त्वचेवर बारीक दाणे असतात. दातांवर ते नसतील, तर तेवढाच भाग प्लास्टिकचा वाटतो. Add Noise मधून थोडे दाणे परत घालावे लागतात.

एका फोटोला असा तास-दोन तास सहज लागतो. लग्नाच्या शेकडो फोटोंत हे शक्य नाही. म्हणून अल्बमच्या पानभर लागणारे आणि भिंतीवर जाणारे मोजके फोटो आधी निवडून घ्यावेत, त्यांतल्या तारा काढाव्यात आणि त्यांच्या आसपासच्या पानांवर ओठ मिटून हसतानाचे किंवा दुरून घेतलेले फोटो लावावेत. समोरासमोरच्या दोन पानांवर एकीकडे तारा आणि दुसरीकडे नाहीत, असं मात्र होऊ देऊ नये.