रॅप ड्रेसचा गळा का उघडतो?

जुन्या बाराबंदीत एक पल्ला दुसऱ्यावर घेऊन तो ठिकठिकाणी बंदांनी बांधत. रॅप ड्रेसमध्येही पल्ल्यावर पल्ला येतो, पण बंद असतात फक्त कमरेला. खांद्यापासून कमरेपर्यंत गळ्याची लांब तिरकी कड कशानेच बांधलेली नसते. म्हणून ती अंगाला धरून राहील अशी सोय कटिंगमध्येच करावी लागते.

डायन फॉन फर्स्टेनबर्ग यांनी १९७४ मध्ये लोकप्रिय केलेला रॅप ड्रेस जर्सीचा होता. ताणणारं विणीचं कापड बेताची चूक पोटात घालतं. साधं सुती कापड तसं करत नाही. म्हणून इथे सुती ड्रेसचंच उदाहरण घेऊ : छाती ९२ सेंटिमीटर, कंबर ७६.

उजवा पल्ला वर आणि डावा आत असं धरू. कमरेवर दोन्ही पल्ले मध्यरेषा ओलांडून समोरच्या बाजूच्या शिलाईपर्यंत न्यावेत, म्हणजे मध्यरेषेपुढे साधारण १९ ते २० सेंटिमीटर. बसल्यावर मांड्या पसरतात आणि घेर उघडतो, त्यामुळे पल्ल्याची कड खाली जाताना मागे सरकू देऊ नये. ती सरळ उभ्या धाग्यावर ठेवावी किंवा खालच्या टोकाला पाच-सहा सेंटिमीटर पुढेच काढावी.

आता गळा. खांदा आणि मान जुळतात त्या बिंदूपासून समोरच्या बाजूच्या कमरेपर्यंत कागदावर तिरकी रेषा काढली. ती भरली ५१.५ सेंटिमीटर. तेच अंतर अंगावर टेप छातीच्या आतल्या उतारावर टेकवत मोजलं, तर ५० आलं. कागद सपाट असतो. अंगावर छातीच्या उंचवट्यानंतर खळगा येतो आणि हे दीड सेंटिमीटर तिथे सुटून लोंबतं. गळा उघडतो तो त्यामुळे.

म्हणून कागदावरच गळ्याच्या रेषेवर, छातीच्या जरा वर, दीड सेंटिमीटरची चिमट घ्यावी आणि ती निमुळती करत छातीच्या टोकाच्या बिंदूवर शून्य करावी. चिमट घेतली की कागद फुगतो. कमरेच्या टक्सची एक रेष त्या बिंदूपर्यंत कापली की कागद पुन्हा सपाट होतो आणि टक्स आपोआप रुंदावतो. गळ्यावरचं जास्तीचं कापड असं टक्समध्ये जातं. चिमटीपाशी मोडलेली गळ्याची रेषा नंतर एकसंध करून घ्यावी. ती आत खोलगट करू नये, सरळच ठेवावी.

पण ही कड कापडावर उरेब येते, आणि उरेब कापड नुसत्या हाताळण्यानेही ताणतं. म्हणून कापल्याबरोबर आतून उभ्या धाग्यात कापलेली सेंटिमीटरभर रुंदीची पट्टी लावावी. तिची लांबी बेतलेल्या रेषेपेक्षा अर्धा सेंटिमीटर कमी घ्यावी. तेवढं कापड छातीपाशीच सारखं बसवावं, खांद्याजवळ किंवा कमरेजवळ नाही. कडेवर बारीक चुण्या दिसल्या, तर पट्टी जास्त आखूड झाली असं समजावं.

बंद नेमके कमरेच्या बारीक भागावर हवेत. ते खाली लावले, तर चालताना वर सरकतात. खांदा आणि बंद यांमधलं अंतर घटतं आणि गळ्याची कड सैल पडते. आतल्या पल्ल्याचा बंद उजव्या बाजूच्या शिलाईत ठेवलेल्या फटीतून बाहेर येतो आणि पाठीवरून डावीकडे जातो. तिथे तो वरच्या पल्ल्याच्या बंदाला बांधायचा. वरच्याला ६५ सेंटिमीटर पुरतात. आतल्याला पाठ ओलांडायची असते, म्हणून साधारण १०५ लागतात. बंद चार सेंटिमीटर रुंद असेल, तर फट त्याहून किंचित मोठी आणि त्याच पातळीवर ठेवावी. फट खाली गेली, तर आतला पल्ला तिरका ओढला जातो.

चांगल्या कापडाला कात्री लावण्याआधी मांजरपाटाचा नमुना शिवून बांधावा आणि अंगावर हालचाल करून पाहावी. पुढे वाकल्यावर छातीपाशी फट पडली, तर चिमट कमी पडली आहे. भरदार छातीला ती अडीच सेंटिमीटरपर्यंतही लागू शकते. हात वर केल्यावर अख्खा ड्रेस उचलला जाऊन गळा विस्कटला, तर दोष गळ्याचा नाही. मुंढा खोल गेला आहे, तो वर घ्यावा. उभं असतानाच बंदांच्या वर कापडाचा फुगा दिसला, तर पुढच्या भागाची उंची जास्त झाली आहे.

अनेकदा या दुरुस्त्यांऐवजी पल्ले जुळतात तिथे टिचबटण लावलं जातं. मुळात कड लांब असेल, तर बटण एका जागी धरतं आणि कापड त्याच्या वर-खाली फुगतं. बेत नीट बसल्यावर मात्र खोल गळ्याला ते उपयोगी पडतं, कारण तेव्हा त्याच्यावर ओढ नसते.