फोनला लावलेला कूलिंग फॅन आणि ट्रिगर: खेळ खरंच सुधारतो का?

बीजीएमआय किंवा फ्री फायर खेळणाऱ्यांसाठी ऑनलाइन बाजारात दोन वस्तू हमखास दिसतात. एक म्हणजे फोनच्या पाठीला चिमट्याने बसणारा छोटा कूलिंग फॅन आणि दुसरी म्हणजे फोनच्या वरच्या कडेला लावायचे ट्रिगर. जाहिरातीत दोन्हींबद्दल एकच दावा असतो: हे लावा, खेळ सुधारेल. प्रत्यक्षात या दोन वस्तू दोन अगदी वेगळ्या अडचणींवर काम करतात. तुमची अडचण ती नसेल, तर फरक शून्य पडतो.

फॅन फोनचा वेग वाढवत नाही

गेम चालू असताना फोनची चिप सतत राबते आणि तापते. लॅपटॉपसारखा आत पंखा नसल्याने ही उष्णता फोनच्या पाठीतून आणि स्क्रीनमधूनच बाहेर पडते. तापमान ठरावीक मर्यादेच्या जवळ गेलं, की फोन स्वतःला वाचवण्यासाठी चिपचा वेग कमी करतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. बऱ्याच फोनमध्ये याच वेळी स्क्रीनचा उजेडही आपोआप कमी होतो.

खेळात हे कसं जाणवतं? सेकंदाला ६० फ्रेम दिसत असतील, तर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र येतं. ४० फ्रेमवर हाच अवधी २५ मिलिसेकंद होतो. त्याहून त्रासदायक म्हणजे वेग एकसारखा राहत नाही. समोर शत्रू आला, धूर झाला की चित्र अडखळतं आणि नेम हलतो.

फॅनचं काम इतकंच, की ही घसरण होऊ न देणं किंवा लांबवणं. थंड फोन जितका वेगवान असतो, त्याहून अधिक वेग तो देऊ शकत नाही. त्यामुळे पहिल्या मिनिटापासूनच गेम अडखळत असेल, तर दोष उष्णतेचा नाही. चित्र गुळगुळीत आहे, पण गोळी लागूनही उशिरा नोंदवली जाते आणि पिंगचा आकडा लाल दिसतो, तेव्हा अडचण नेटवर्कची असते. तिथे फॅन काहीच करू शकत नाही.

साधा पंखा आणि पेल्टिअर कूलर

बाजारात फॅनचे दोन प्रकार मिळतात. साधा पंखा फोनच्या पाठीवर फक्त खोलीतली हवा मारतो. त्यामुळे तो फोनला हवेपेक्षा थंड करू शकत नाही. पावसाळ्यात खोलीत २७ अंश असताना त्याचा थोडा उपयोग होतो. मात्र मे महिन्यात नागपुरात खोलीतली हवाच ४० अंशांच्या वर असेल, तर गरम फोनवर गरम वारा मारून फारसं काही साधत नाही.

दुसऱ्या प्रकारात पंख्याबरोबर पेल्टिअर पट्टी असते. वीज दिली की या पट्टीची एक बाजू थंड आणि दुसरी गरम होते. थंड बाजू फोनला टेकते आणि गरम बाजूची उष्णता पंखा बाहेर फेकतो. हा कूलर हवेपेक्षा थंड होऊ शकतो, म्हणून त्याचा परिणाम खरोखर जाणवतो. पण तो बरीच वीज खातो. ती फोनच्याच पोर्टमधून घेतली, तर बॅटरी लवकर उतरते आणि फोनवर भार वाढतो. त्याला वेगळा ॲडॅप्टर किंवा पॉवर बँक लागते.

आपल्याकडे त्याची खरी अडचण वेगळीच आहे, ती म्हणजे दमटपणा. मुंबईत किंवा कोकणात ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना साधारण २६ अंशांखाली गेलेल्या पृष्ठभागावर दव जमायला लागतं. थंड पाण्याच्या ग्लासला बाहेरून पाणी सुटतं, तसंच. पेल्टिअरची पट्टी याहून सहज थंड होते. म्हणजे फोनच्या पाठीवर, पोर्टजवळ थेंब जमू शकतात. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात हा धोका बराच कमी असतो. थोडक्यात, साधा पंखा जिथे निरुपयोगी ठरतो, तिथेच पेल्टिअर सर्वात सुरक्षित असतो. किनाऱ्यावर तो वापरायचाच असेल, तर सर्वात कमी पातळीवर ठेवा आणि दर सामन्यानंतर फोनच्या पाठीवरून बोट फिरवून ओल तपासा.

विकत घेण्याआधी घरीच तपासा

फोनच्या गेम मोडमध्ये फ्रेमचा आकडा दाखवायची सोय असेल, तर ती चालू करा. फोन पूर्ण गार असताना चार्जर काढून अर्धा तास खेळा. पाचव्या आणि पंचविसाव्या मिनिटाचा आकडा लिहून ठेवा. दोन्ही जवळपास सारखे असतील, तर तुम्हाला फॅनची गरजच नाही.

आकडा घसरला, तर फोन गार झाल्यावर पुन्हा खेळा. या वेळी मागचं कव्हर काढा आणि ग्राफिक्स एक पायरी खाली आणा. जाड रबरी कव्हर उष्णता आत कोंडून ठेवतं आणि चार्जिंग करत खेळल्यास बॅटरीची उष्णताही त्यात मिळते. कित्येक फोनचा प्रश्न इथेच फुकटात सुटतो.

तरीही घसरण राहिली, तर कूलरचा विचार करा आणि तो नेमक्या जागी लावा. खेळून झाल्यावर पाठीला हात लावून सर्वात गरम जागा शोधा. अनेक फोनमध्ये ती कॅमेऱ्याच्या आसपास असते. चिमटा मात्र बहुतेक जण मध्यभागी लावतात. तिथे बॅटरी असते आणि थंडावा चिपपर्यंत नीट पोहोचत नाही.

ट्रिगर: जादा बोटांची सोय

साध्या ट्रिगरमध्ये बॅटरी नसते. बोटाने धातूची पट्टी दाबली, की तिच्या टोकाचा विद्युतवाहक रबर स्क्रीनला टेकतो आणि फोनला वाटतं बोटच लागलं. म्हणजे स्पर्श तोच राहतो आणि त्याचा वेगही वाढत नाही.

फायदा दुसरीकडे आहे. दोन अंगठ्यांनी खेळताना डावा अंगठा चालवतो, उजवा नेम धरतो. स्कोप उघडायचा, खाली बसायचं किंवा उडी मारायची, तर एक अंगठा उचलावाच लागतो. तेवढ्या क्षणात चाल थांबते किंवा नेम सुटतो. फायर आणि स्कोपची बटणं सेटिंगमधून वरच्या कोपऱ्यांत नेऊन ट्रिगरखाली ठेवली, की ही कामं तर्जन्या करतात आणि अंगठे मोकळे राहतात.

मात्र हेच काम तर्जन्या थेट स्क्रीनवर ठेवूनही होतं. खेळाडू त्याला चार बोटांचा क्लॉ म्हणतात. आठवडाभर हात अवघडतो, पण पैसे लागत नाहीत. म्हणून आधीच क्लॉने खेळणाऱ्याला ट्रिगरमधून फारसं काही मिळत नाही. दोन अंगठ्यांच्या खेळाडूला आणि स्क्रीनवर तर्जनी टेकवणं जमत नसलेल्याला मात्र फरक लगेच कळतो.

तोटेही लक्षात घ्या. ट्रिगर स्क्रीनचे कोपरे झाकतो. तो जरा सरकला, की दाब बटणाच्या बाहेर पडतो आणि ऐन वेळी गोळी सुटत नाही. जाड स्क्रीनगार्डवर काही ट्रिगर अधूनमधून चुकतात. घेतल्यावर ट्रेनिंगच्या मैदानात एकेक करून शंभर वेळा दाबून बघा. पाच-सहा दाब वाया गेले, तर तो परत करा.

एकदा दाबलं की आपोआप भराभर टॅप करणारे बॅटरीवरचे ट्रिगरही मिळतात. ते खेळाडूचं काम यंत्राकडे देतात, त्यामुळे त्यांच्याकडे फसवणूक म्हणूनच पाहिलं जातं. स्पर्धेत उतरणार असाल, तर नियमावली आधी वाचा, कारण साध्या ट्रिगरनाही मनाई असू शकते. ट्रिगरवर बसलेली सवय स्पर्धेच्या दिवशी काढून ठेवावी लागली, तर दोन अंगठ्यांचा जुना खेळही हातात राहिलेला नसतो. अशा खेळाडूने सुरुवातीपासून क्लॉच शिकलेला बरा.