आसामचा १९८१चा हरवलेला आकडा

भारताच्या जनगणनेच्या तक्त्यांत आसामच्या ओळीत १९८१च्या रकान्यापाशी एक तळटीप असते. परकीय नागरिकांच्या प्रश्नावर तिथे आंदोलन पेटले होते, परिस्थिती अशांत होती आणि त्या वर्षी देशभर झालेली शिरगणती आसामात होऊच शकली नाही. तरी रकाना रिकामा नाही. त्यात सुमारे १८०.४ लाख हा आकडा आहे आणि तो मोजलेला नसून मधले मूल्य काढून भरलेला आहे, असे ती तळटीप सांगते.

मोजलेले आकडे अलीकडचे आणि पलीकडचे. आजच्या आसामच्या हद्दीपुरते बोलायचे तर १९७१ साली १४६.३ लाख आणि १९९१ साली २२४.१ लाख. या दोन आकड्यांवरून मधले साल कसे गाठायचे?

पहिला विचार मनात येतो तो सरासरीचा. दोन्हींची बेरीज करून निम्मे केले की १८५.२ लाख येतात. पण यात एक गृहीत दडलेले आहे: दरवर्षी तेवढीच माणसे वाढली, १९७२ सालीही आणि १९९० सालीही. लोकसंख्या अशी वाढत नाही. जितकी माणसे जास्त, तितके जन्म जास्त. म्हणून दरवर्षी ठरावीक संख्या मिळवण्याऐवजी ठरावीक पटीने गुणणे हे वास्तवाच्या जास्त जवळ जाते. अशा वाढीचे समीकरण

y = a × b^x

असे लिहितात. y म्हणजे लोकसंख्या, x म्हणजे सुरुवातीपासून गेलेली वर्षे, a म्हणजे x शून्य असतानाची लोकसंख्या आणि b म्हणजे दर वर्षाची पट. a आणि b हे दोनच आकडे अज्ञात आहेत, म्हणून वक्रावरचे दोन बिंदू पुरतात.

स्वतंत्र भारताची पहिली जनगणना १९५१ची, म्हणून तिथे x = ० धरू. मग १९७१ साठी x = २० आणि १९९१ साठी x = ४०. दोन्ही बिंदू समीकरणात घातले की दोन ओळी मिळतात:

१४६.३ = a × b^२०
२२४.१ = a × b^४०

इथे बऱ्याच जणांचा हात वजाबाकीकडे जातो, कारण सरळ रेषेच्या समीकरणात वजाबाकीने काम भागते. इथे ती उपयोगाची नाही. दुसऱ्या ओळीला पहिलीने भागायचे. a दोन्हीकडे गुणाकारात आहे, म्हणून भागाकारात तो सरळ उडून जातो, आणि b च्या घातांकांची वजाबाकी होते:

b^२० = २२४.१ ÷ १४६.३ = १.५३१८

सगळी किल्ली या एका भागाकारात आहे. वीस वर्षांत लोकसंख्या १.५३१८ पट झाली. आता वर्षाची पट काढायची तर त्याचे विसावे मूळ घ्यायचे. कॅल्क्युलेटरवर १.५३१८ चा ०.०५ वा घात केला की b = १.०२१५५ येतो. म्हणजे वाढ वर्षाला सुमारे २.१६ टक्के. (वीस ही सम संख्या असल्याने ऋण मूळही निघते, पण लोकसंख्या एका वर्षी धन आणि पुढच्या वर्षी ऋण होत नाही, म्हणून ते सोडून द्यायचे.) उरला a. पहिल्या ओळीतून १४६.३ ÷ १.५३१८ = ९५.५. समीकरण तयार झाले:

y = ९५.५ × १.०२१५५^x

आता १९८१, म्हणजे x = ३०. उत्तर येते १८१.१ लाख. तक्त्यातल्या आकड्यापासून हे जेमतेम ७० हजारांनी दूर आहे, तर सरासरीचे उत्तर जवळजवळ ५ लाखांनी. १९८१ हे साल बरोबर मध्यावर असल्याने एक जवळची वाटही आहे: १४६.३ आणि २२४.१ यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा, हेच उत्तर मिळेल. दहावीच्या पुस्तकात काटकोन त्रिकोणासोबत भेटलेला भूमितीमध्य तो हाच.

चुका होतात त्या दोन ठिकाणी. वीस वर्षांत वाढ ५३.१८ टक्के, म्हणून वर्षाला त्याचा विसावा भाग, २.६६ टक्के, असे धरण्याचा मोह होतो. पण दरवर्षीची वाढ आधीच्या वाढीवरही चढते. २.६६ टक्क्यांनी वीस वर्षे गेलो तर १९९१ साली २४७ लाख येतात, खऱ्यापेक्षा २३ लाखांनी जास्त. दुसरी चूक b लवकर पूर्णांकित करण्याची. १.०२१५५ ऐवजी नुसते १.०२ लिहिले तर फरक क्षुल्लक दिसतो, पण चाळिसाव्या घातापर्यंत तो इतका वाढतो की १९९१चे उत्तर २११ लाखांवर येते आणि १३ लाख माणसे गायब होतात. दोन्ही चुका पकडायला एकच उपाय: तयार समीकरणात दिलेले दोन्ही बिंदू पुन्हा घालून पाहा. ज्या आकड्यांपासून सुरुवात केली तेच परत मिळाले नाहीत तर गणित चुकले.

x च्या जागी थेट १९७१ आणि १९९१ घातले तर चालेल का? b तोच येईल. पण a म्हणजे इसवी सनाच्या शून्य वर्षाची लोकसंख्या ठरेल, आणि ती एका माणसाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी भरेल. गणिताच्या नियमांत बसणारा पण ज्याला काही अर्थ नाही असा आकडा. म्हणून शून्य आपल्या काळाजवळ आणायचे.

जवळ आणूनही सावध राहावे लागते. आपला a ९५.५ लाख आला, आणि १९५१ साली आसामात प्रत्यक्षात मोजली गेली माणसे ८०.३ लाख. गणित चुकलेले नाही. १९७१ ते १९९१ या काळाची चाल तशीच मागे नेली तर वक्र कुठे पोचतो, एवढेच a सांगतो. आसामची खरी चाल त्याआधी वेगळी होती: १९५१ ते १९७१ या दोन दशकांत प्रत्येकी सुमारे ३५ टक्के वाढ झाली, आणि तिच्यात बाहेरून येणाऱ्यांचाही वाटा होता.

कोणत्याही दोन धन आकड्यांतून असा वक्र जातोच, वाढ खरोखर घातांकी असो वा नसो. त्यामुळे दोन बिंदू समीकरण देतात, पुरावा देत नाहीत. पुराव्याला तिसरा बिंदू लागतो, आणि आसामच्या बाबतीत मधला तिसरा बिंदूच हरवलेला आहे. म्हणून पुढचे बिंदू पाहू. आपले समीकरण २००१ साठी २७७ लाख सांगते, मोजणीत निघाले २६६.६ लाख. २०११ साठी ते ३४३ लाख सांगते, मोजले गेले ३१२.१ लाख. दहा वर्षांनी चूक ११ लाखांची, वीस वर्षांनी ३१ लाखांची, आणि दोन्ही वेळा एकाच बाजूला. चुका अशा एकाच दिशेने वाढत गेल्या की समजावे, b स्वतःच बदलला आहे. २००१ आणि २०११ हे दोन बिंदू घेऊन तोच भागाकार केला, ३१२.१ ÷ २६६.६, आणि त्याचे दहावे मूळ काढले, तर b येतो १.०१५९. २००१ ते २०११ या काळात आसामची वाढ वर्षाला सव्वादोन टक्क्यांच्या आसपास नसून दीड टक्क्याच्या थोडी वर होती, आणि २०११ नंतरचा अंदाज बांधायचा तर याच b पासून सुरुवात करावी लागेल.