जुन्या सोसायटीच्या तीन तारखा

नमुना फ्लॅट पाहायला जाण्याआधी एक चक्कर त्याच बिल्डरच्या पाच-सात वर्षं जुन्या सोसायटीत मारावी. तिथे तीन तारखा शोधायच्या: ताबा कधी द्यायचं कबूल केलं होतं, भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी कधी मिळालं आणि जमीन सोसायटीच्या नावावर कधी झाली.

प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी असेल, तर पहिली तारीख त्यांच्या संकेतस्थळावर सापडते. मूळ तारीख आणि नंतर वाढवून घेतलेली मुदत, दोन्ही पाहा. २०२० साली करोनामुळे सगळ्यांनाच मुदतवाढ मिळाली होती, तेवढी वजा करा. बरेच बिल्डर प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळी फर्म काढतात. म्हणून फर्मच्या नावावर न थांबता भागीदारांची नावंही शोधा.

समजा, एका तीन इमारतींच्या प्रकल्पात डिसेंबर २०२१ चा वायदा होता. लोक मार्च २०२२ मध्ये राहायला आले. जाहिरातीत हीच तारीख झळकते. ओसी मात्र एप्रिल २०२३ चं निघतं, तेही फक्त ए आणि बी इमारतींचं. म्हणजे वर्षभर लोक भोगवट्याच्या परवानगीविना राहिले आणि सी इमारतीतले अजूनही तसेच आहेत. ओसीची प्रत मागून त्यात कोणत्या इमारती आणि किती मजले लिहिलेत, ते वाचावं.

तिसरी तारीख अभिहस्तांतरणाची, म्हणजे कन्व्हेयन्सची. सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर अजून जुन्या मालकाचंच नाव असेल, तर सोसायटीच्या सेक्रेटरींना कारण विचारा. बिल्डर दाद देत नाही म्हणून मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करावा लागला असेल, तर ते गंभीर समजा. मोठ्या प्रकल्पात शेवटची इमारत पूर्ण होईपर्यंत हे काम लांबू शकतं.

रहिवाशांना 'बिल्डर कसा आहे?' असं मोघम विचारू नका. टँकरवर महिन्याला किती खर्च होतो आणि गळतीची लेखी तक्रार केल्यावर दुरुस्तीला किती दिवस लागले, ते विचारा. बांधकामातील दोष ताब्यापासून पाच वर्षांत कळवला, तर तो तीस दिवसांत विनामूल्य दूर करणं बिल्डरला रेरा कायद्याने बंधनकारक आहे.

एवढं जमलं की नव्या प्रकल्पाची मंजुरी तपासा. निव्वळ रेरा क्रमांकावर विसंबू नका. डोंबिवली परिसरात महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून ६५ इमारतींची महारेराकडे नोंदणी झाल्याचं उघड झालं. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले आणि घरं घेतलेली कुटुंबं अडचणीत आली. त्यामुळे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राचा क्रमांक घेऊन महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात तो खरा आहे का, ते पाहा. तुमचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आणि परवानगी सातव्यापर्यंतच असेल, तर वरची मंजुरी येईपर्यंत थांबा.

हे सगळं पटलं, तरी नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका. त्याहून जास्त घेण्याची बिल्डरला कायद्याने मुभा नाही.