खाकरून घसा मोकळा होत नाही

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट आहे. एका गटाची सचिव असलेली आमची ताई मासिक बैठकीत इतिवृत्त वाचायला उभी राहिली आणि चौथ्या ओळीलाच तिचा आवाज फुटला. "घसा बसलाय गं," म्हणून हसली, खाकरली आणि पुढे वाचू लागली. दोन ओळी झाल्या की परत खाकरायची. आम्ही शेजारीच बसलो होतो. वहीच्या कोपऱ्यात सहज रेघा मारत गेलो. दीड तासात छत्तीस रेघा झाल्या. तिला दाखवल्या तर तिला खरंच वाटेना. म्हणाली, "कफ अडकलाय, तो निघतच नाही."

तो का निघत नव्हता, ते आम्हाला पुढे डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं. तेच आज सांगायचं आहे, कारण गटाच्या बायका, आशाताई, अंगणवाडीताई, बाजारात भाजी विकणाऱ्या, आपण सगळ्याच दिवसभर बोलतो.

आता गळ्याच्या पुढच्या बाजूला, मधोमध बोट ठेवा आणि लांब "आ" म्हणा. बोटाला थरथर लागते ना? तिथे आत श्वासनलिकेच्या तोंडाशी दोन नाजूक पट्ट्या असतात. त्यांना स्वरतंतू म्हणतात. बोलताना त्या एकमेकींवर आपटतात आणि त्यातून आवाज निघतो. बाईच्या आवाजात हे आपटणं एका सेकंदाला साधारण दोनशे वेळा होतं. त्या ओल्या आणि बुळबुळीत असतात म्हणूनच हे सोसतात.

खाकरताना त्याच पट्ट्या जोराने एकमेकींवर आदळतात. आदळल्या की थोड्या सुजतात. सुजलेल्या जागेचं रक्षण करायला शरीर तिथे चिकट द्रव आणतं. तो द्रव आपल्याला कफ वाटतो, म्हणून आपण परत खाकरतो. म्हणजे ज्या कफासाठी खाकरायचं, तो खाकरण्यानेच तयार होतो. ताईचं दोन महिने हेच चाललं होतं. मध्ये तिने दुकानातून खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या आणून संपवल्या. खोकला नव्हताच, तर औषध काय करणार?

ही सवय एकदम सुटत नाही. खाकरावंसं वाटलं की आधी पाण्याचा एक घोट घ्यायचा. पाणी जवळ नसेल तर हनुवटी थोडी खाली घेऊन लाळेचा आवंढा जोर लावून गिळायचा. तरीही अडल्यासारखं वाटलं तर तोंड मिटून हळू "हंऽऽ" असा गुणगुणता आवाज काढायचा. ताईच्या मुलीला आम्ही कामाला लावलं. आई खाकरली की तिने फक्त हात वर करायचा. पहिला आठवडा ताई वैतागली. मग तिचं तिलाच कळायला लागलं.

आता पाण्याचं. बैठकीत सांगितलं की बायका म्हणतात, आम्ही गरम पाणी पितो, मध चाटतो, मिठाच्या गुळण्या करतो. करा, घशाला बरं वाटतं. पण गिळलेली कुठलीच गोष्ट स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. ती अन्ननलिकेत जाते. चुकून एक थेंब पलीकडे गेला तर केवढा ठसका लागतो, ते ठाऊक आहे आपल्याला. प्यायलेलं पाणी आधी रक्तात जातं आणि मग त्या पट्ट्यांना आतून ओलावा मिळतो. त्याला वेळ लागतो. म्हणून दोनच्या बैठकीचं पाणी सकाळपासून थोडं थोडं प्यायला हवं. माइक हातात आल्यावर तांब्या रिकामा करून उपयोग नाही. पुरेसं झालं की नाही ते लघवीच्या रंगावरून कळतं. फिकट असेल तर ठीक, गडद पिवळी असेल तर कमी पडलंय. साध्या पाण्याची वाफ मात्र थेट आत जाते. पाच-दहा मिनिटं तोंडाने वाफ घेतली तर कोरडेपणा कमी होतो. वाफेत बाम टाकू नका, त्याने काहींना आत चुरचुरतं. आणि उकळतं भांडं लेकरांपासून लांब ठेवा.

ताईला विचारलं, दिवसभरात पाणी किती पितेस? खरं कारण तेव्हा बाहेर आलं. सकाळी नऊला घर सोडलं की पाचपर्यंत ती पाणी पीतच नव्हती. बैठका देवळात नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात. तिथे बायकांना जायला जागा नाही. मग प्यायचंच नाही, म्हणजे प्रश्नच नको! हे ऐकून गटातल्या निम्म्या बायकांनी माना खाली घातल्या. आता आम्ही बैठकीची जागा ठरवताना आधी हेच बघतो. शौचालय असलेल्या घराच्या अंगणात किंवा ग्रामपंचायतीच्या इमारतीत बैठक घेतो. ताई बाटली सोबत ठेवते.

विश्रांती म्हणजे आठवडाभर मौन नव्हे. तासभर सलग बोलणं झालं की दहा मिनिटं गप्प राहायचं, हिशोब दुसरीला वाचू द्यायचा. पिठाच्या गिरणीजवळ, एसटीत, पंख्याच्या घरघरीत आपण नकळत मोठ्याने बोलतो, तेव्हा तिथे फोन टाळायचा. बायकांना गोळा करायला हाका मारण्याऐवजी आम्ही थाळी वाजवतो. आवाज बसलाच असेल तर कुजबुजत बोलू नका. बऱ्याच जणींच्या गळ्यावर त्याने उलट ताण येतो. हळू पण नेहमीच्या आवाजात, गरजेपुरतंच बोला. चुलीचा धूर आणि रात्री उशिरा तिखट जेवून लगेच आडवं होणं, यांनीही घसा बिघडतो. आडवं झाल्यावर पोटातलं आम्ल वर घशापर्यंत येतं.

ताईला आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा आवाज बसून दोन महिने होत आले होते. त्यांनी दुर्बिणीतून तपासून पडद्यावर दाखवलं. दोन्ही पट्ट्यांवर समोरासमोर बारीक उंचवटे आले होते. खुरपं धरून हाताला घट्टे पडतात, तसेच. ऑपरेशन लागलं नाही. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी बोलण्याचे व्यायाम शिकवले. तीन महिन्यांत आवाज पुष्कळसा परत आला. वरचे सूर मात्र अजून लागत नाहीत, असं ती म्हणते.

पण डॉक्टर थोडं रागावले, ते उशिरा आलो म्हणून. सर्दीने बसलेला घसा एक-दोन आठवड्यांत सुटतो. आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त घोगरा राहिला तर दुखत नसलं तरी तपासायलाच हवं. मिश्री लावणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या किंवा विडी ओढणाऱ्या बाईने तर एक दिवसही पुढे ढकलू नये, कारण घशाच्या कॅन्सरची सुरुवात कधी कधी नुसत्या घोगऱ्या आवाजाने होते. थुंकीत रक्त, गिळताना अडकणं किंवा दुखणं, मानेला गाठ, कारण नसताना वजन उतरणं, एकाच कानात सतत दुखणं, यातलं काही दिसलं तर तीन आठवडे थांबायचंही नाही. आणि श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येऊन दम लागत असेल तर त्याच घटकेला दवाखाना गाठायचा.

ताईच्या गटात मिश्री लावणाऱ्या चौघी निघाल्या. त्यातल्या एकीचा आवाज पोळ्यापासून बसलेला होता. तिने तो कधी कुणाला सांगितलाच नव्हता. पुढच्या सोमवारी तिला घेऊन आम्ही तपासणीला निघालोय.