सुरक्षित म्हणवणारा फंड तोट्यात का दिसतो?

४ मे २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने नियोजित बैठकीची वाट न पाहता रेपो दर ४ टक्क्यांवरून ४.४० टक्के केला. त्या दिवशी सरकारी रोख्यांचे भाव घसरले. केंद्र सरकारने त्याच वर्षी जानेवारीत ६.५४ टक्के व्याजाचा दहा वर्षांचा रोखा काढला होता. त्याच्या शंभर रुपयांना आता बाजारात सुमारे ९४ रुपयेच मिळत होते.

सरकारने व्याज बुडवले नव्हते. पण बाजारात ७.४ टक्क्यांच्या आसपास परतावा मिळू लागल्यावर ६.५४ टक्क्यांचा जुना रोखा पूर्ण किमतीला कोण घेणार? तो स्वस्तातच विकावा लागतो. व्याजदर वर गेले की जुन्या रोख्याचा भाव खाली येतो, तो यामुळे.

घसरण किती, हे मुदतीवर ठरते. ७ टक्के व्याजाचा शंभर रुपयांचा रोखा आहे आणि बाजारातला दर ८ टक्के झाला, असे धरू. एका वर्षाची मुदत उरली असेल तर त्याचा भाव ९९.०७ रुपये होईल, दहा वर्षे उरली असतील तर ९३.२९. पहिल्याच्या ग्राहकाला एक रुपया कमी व्याज एकदाच सोसायचे आहे, दुसऱ्याच्या ग्राहकाला दहा वर्षे.

रोखा स्वतःकडे मुदतीपर्यंत ठेवणाऱ्याला शेवटी पूर्ण शंभर रुपये मिळतात. मधल्या घसरणीने त्याचे काही जात नाही. डेट फंडाला मात्र आपल्या रोख्यांचे मोल रोज बाजारभावाने मांडून एनएव्ही जाहीर करावी लागते. शिवाय बहुतेक फंडांना मुदत संपण्याची तारीखच नसते.

म्हणून फंडाच्या मासिक फॅक्टशीटमध्ये ‘मॉडिफाइड ड्युरेशन’ हा आकडा आधी पाहावा. गेल्या वर्षीच्या परताव्यापेक्षा तो कितीतरी बोलका असतो. तो ७ असेल तर दर एका टक्क्याने वाढताच एनएव्ही साधारण ७ टक्के घसरते. लिक्विड फंडात हा आकडा फार लहान असतो, म्हणून तिथे धक्का जेमतेम जाणवतो.

समजा, एका निवृत्त दांपत्याने अशा ७ ड्युरेशनच्या फंडात १० लाख रुपये ठेवले आणि दर ७ वरून ८ टक्के झाले. रक्कम ९ लाख ३० हजारांवर येईल. पुढे दर स्थिर राहिले तर फंडाची कमाई आता ८ टक्क्यांनी होते, त्यामुळे खर्च वगळता वर्षभरात ती १० लाख ४ हजारांच्या आसपास पोहोचेल. मुद्दल परत आले, पण दर वाढलेच नसते तर १० लाख ७० हजार झाले असते. ती तफावत भरून निघायला साडेसात-आठ वर्षे लागतात, म्हणजे जवळपास ड्युरेशनइतकीच.

आणि दर एकदाच वाढून थांबतील याची खात्री नसते. ४ टक्क्यांचा रेपो दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत टप्प्याटप्प्याने ६.५० टक्के झाला. दोन वर्षांत मुलीच्या लग्नाला लागणारे पैसे ७ ड्युरेशनच्या गिल्ट फंडात असतील, तर ते सरकारी रोख्यांत असूनही ऐन वेळी कमी भरू शकतात. त्यांच्यासाठी दोन वर्षांच्या आतल्या ड्युरेशनचा फंड किंवा साधी मुदत ठेव बरी.